तटस्थ चार

"सेक्रेटरी, सी-२०१ कॅनडाला कधी गेले?"

सकाळचे पावणेसात. दारात अण्णा. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात मी आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला इतिवृत्ताचा मसुदा. स्वतःच्या पैशाने छापून आणलेला आणि लाल पेनाने असा काही रंगवलेला की आधी मला वाटलं, दूध आणताना पडले की काय.

"जुलैत. मुलीकडे. का हो अण्णा?"

"आणि आपली वार्षिक सभा सप्टेंबरात. मग ऑडिटर नेमायच्या ठरावाला त्यांनी अनुमोदन कुठून दिलं? विमानातून?"

खरी गोष्ट अशी की मागच्या वर्षीचं इतिवृत्त उघडून मी त्यातल्या तारखा आणि आकडे बदलले होते. सूचक, अनुमोदक तेच ठेवले. ठराव तेच, विषय तेच, भांडणंही तीच, मग माणसं तरी कशाला बदलायची, असा माझा सरळ हिशोब. पण अण्णांनी रात्री अकरा वाजता हजेरीवहीचा फोटो आणि माझा मसुदा शेजारी ठेवून एकेका नावापुढे टिचकी मारली होती. सूचक आणि अनुमोदक म्हणून छापलेली सोळा नावं. त्यातल्या तिघांची हजेरीवहीत सहीच नाही. चौथ्या बाईंची सही होती, पण घर सासऱ्यांच्या नावावर आणि बाई सहयोगी सभासदही नाहीत. "मत द्यायचा अधिकार ज्याला नाही, त्याने ठराव मांडायचाही नाही आणि उचलूनही धरायचा नाही," अण्णा म्हणाले आणि दूध तापवून लगेच परत आले.

असा एक अण्णा प्रत्येक सोसायटीत असतो. वाचनालयाच्या कार्यकारिणीत असतो, ज्ञातिसंस्थेत असतो, गणेशोत्सव मंडळात तर हमखास. वर्गणी देतो वेळेवर, पण पावतीवरचं अक्षरी आणि अंकी जुळतं का ते पाहून. आमचे अण्णा एका नगरपालिकेच्या सभा-विभागातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची भांडणं ऐकली आणि त्यातून दोन ओळींचा ठराव वेचून काढला. त्यामुळे जगात जे काही घडतं त्याला सूचक कोण, असा प्रश्न त्यांच्या मनात आधी येतो. सोसायटीतल्या माणसांना ते नावाने ओळखत नाहीत, घराच्या क्रमांकाने ओळखतात. "बी-३०४ आले होते" म्हणतात. बी-३०४ ची बायको आली तर "बी-३०४, मताधिकार नाही" असं म्हणतात.

मला सेक्रेटरीपद मिळालं ते सभेत मी पाणी प्यायला उठलो होतो तेव्हा. परत आलो तर टाळ्या. त्या ठरावाचे सूचक आणि अनुमोदक मात्र अगदी नीट नोंदलेले आहेत. मी अधूनमधून ते पान उघडून पाहतो.

अण्णांचा पहिला राग 'सर्वानुमते' या शब्दावर. माझ्या मसुद्यात आठ विषय होते आणि एक सोडून बाकी सातही विषयांखाली मी तेच वाक्य टाकलं होतं: 'विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' त्यातल्या एका विषयात ए-४०१ आणि ए-४०२ यांच्यात कुंडीवरून हातघाई होता होता राहिली होती. दुसऱ्यात बी विंग उठून गेली होती.

"सर्वानुमते म्हणजे काय हो?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्यांनी... मान्य केलं."

"आणि एकमताने म्हणजे?"

"तेच ना?"

अण्णांनी डोळे मिटले. मग सावकाश सांगितलं. त्यांच्या हिशोबी खोलीत असलेल्या प्रत्येकाने बाजूने हात वर केला, तर ठराव एकमताने. विरोधात कुणी नाही, पण दोघांनी हातच वर केला नाही, तर 'विरोधी मत न पडता मंजूर, बाजूने इतके, तटस्थ इतके'. मतदान घ्यावंच लागलं नाही, अध्यक्षांनी विचारलं, कुणी हरकत घेतली नाही, ते सर्वानुमते. आणि एकाने जरी विरोधात हात वर केला तर बहुमताने, मग तो एकटा बी-१०१ का असेना, आणि त्याला काहीही का म्हणायचं असेना. व्यवहारात 'एकमताने' आणि 'सर्वानुमते' हे दोन शब्द लोक सरमिसळ वापरतात हे मला ठाऊक आहे आणि अण्णांनाही ठाऊक आहे. पण ज्या माणसाने विरोधात हात वर केला, त्याला पुढे 'सर्वानुमते' वाचायला लागलं की त्याचा हात कापल्यासारखं होतं, असं अण्णांचं म्हणणं. हा दाखला जरा भडक आहे. पण बी-१०१ दोन वर्षं माझ्याशी का बोलत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. त्या सभेत पार्किंगचा विषय होता. आमच्या उपविधीत लिहिलंय की गाड्या जास्त आणि जागा कमी म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंगची जागा द्यायची. दरवर्षी चिठ्ठ्या म्हणजे दरवर्षी नवे शत्रू. त्यामुळे चिठ्ठी तीन वर्षांतून एकदा काढावी, अशी उपविधीत दुरुस्ती करायची होती. साध्या विषयाला साधं बहुमत चालतं, पण उपविधीत बदल करायचा तर चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि सभेला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश बाजूने लागतात. एवढं झाल्यावरही निबंधकाची मंजुरी मिळून नोंद होईपर्यंत तो बदल लागू होत नाही. तिथे नुसतं 'मंजूर' लिहून भागत नाही. सभासद किती, हजर किती, बाजूने किती, हे सांगावं लागतं.

सभासद अठ्ठेचाळीस. कोरम म्हणजे गणपूर्ती आमच्याकडे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो, म्हणजे वीस. हजेरीवहीत सह्या सदतीस. त्यामुळे सभा वैध, वातावरण उत्साही, वडे गरम.

पार्किंगचा विषय सातवा होता. तोवर वडे गार झाले होते. मी मसुद्यात लिहिलं होतं: 'बाजूने १८, विरोधात ९, तटस्थ १०. ठराव बहुमताने मंजूर.'

"तटस्थ दहा कुठून आणले?"

"सदतीस वजा अठरा वजा नऊ. दहा."

"त्या दहातले सहा जण वडे खाऊन घरी गेले होते. मॅच होती. घरी टीव्ही बघणारा माणूस तटस्थ नसतो, तो गैरहजर असतो. तटस्थ म्हणजे जो खोलीत आहे, ज्याला प्रश्न ऐकू आला आणि ज्याने दोन्ही वेळेला हात खाली ठेवला."

मतदानाच्या वेळी अण्णांनी शेवटच्या रांगेतून उठून डोकी मोजली होती. एकतीस. हे त्यांचं जुनं काम. मत घेण्याआधी खोलीतली माणसं मोजायची, मग बाजूने विचारायचं, मग विरोधात विचारायचं आणि मग तटस्थ कोण हेही तोंडाने विचारायचं. वजाबाकी करून तटस्थ काढायचे नाहीत. तिन्ही आकड्यांची बेरीज पहिल्या आकड्याशी जुळली पाहिजे. अठरा, नऊ आणि चार, एकतीस. जुळली तर नोंद, नाही जुळली तर पुन्हा हात वर. परवाच्या सभेत 'तटस्थ कोण' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. अण्णांनी मागून ओरडून विचारला तेव्हा चार हात वर झाले. मला वाटलं, चहा कुणाला हवाय ते विचारताहेत.

म्हणजे मसुद्यात दुरुस्ती इतकीच, दहाच्या जागी चार. मी म्हटलं, ठीक आहे, मंजूर तर झालाच ना, एवढ्यासाठी सकाळी पावणेसात?

अण्णा माझ्या सोफ्यावर बसले. ते बसतात तेव्हा किमान पाऊण तास जातो.

"कशाच्या दोन-तृतीयांश?" त्यांनी विचारलं.

सदतीसच्या दोन-तृतीयांश पंचवीस. अठरा मतांवर ठराव पडला. खोलीतल्या एकतीसच्या दोन-तृतीयांश एकवीस. अठरा मतांवर तरीही पडला. पण मत देणाऱ्या सत्तावीसच्या दोन-तृतीयांश बरोबर अठरा. ना एक कमी, ना एक जास्त. उपविधीत 'हजर आणि मत देणारे' असं आहे आणि तटस्थ माणूस मत देत नाही, म्हणून तो हिशोबातच धरायचा नाही. ठराव मंजूर. काठावर, पण मंजूर.

"आणि तुम्ही लिहिलंय नुसतं 'बहुमताने'. उद्या विरोधातल्या नऊपैकी कुणी निबंधकाकडे गेला तर हा ठराव कशावर उभा राहणार? लिहा: 'मतदानाच्या वेळी हजर ३१. बाजूने १८, विरोधात ९, तटस्थ ४. हजर व मत देणाऱ्या २७ सभासदांपैकी १८ म्हणजे आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताने ठराव मंजूर.' वाचणाऱ्याला स्वतः भागाकार करता आला पाहिजे."

मी लिहिलं. ग्रुपवर टाकलं. आणि वीस मिनिटांत बी-३०४ दारात.

हे बी-३०४ म्हणजे चार तटस्थांतले एक. स्वभावाने अत्यंत सज्जन. त्यांची गाडी आत्ता लिफ्टजवळ लागते, म्हणून चिठ्ठी तीन वर्षं निघाली नाही तर त्यांना बरंच. पण समोरच्या घरातल्यांची गाडी बाहेर रस्त्यावर लागते आणि त्यांच्याशी रोज दारात गाठ पडते. म्हणून त्यांनी 'कुणालाच दुखवायचं नाही' असं ठरवून तटस्थ राहायचं ठरवलं.

"सेक्रेटरी, माझ्यामुळे ठराव मंजूर झाला असं बाहेर बोलतायत. मी तर मतच दिलं नाही!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा अजून सोफ्यावरच होते.

"तुम्ही विरोधात हात वर केला असता तर मत देणारे अठ्ठावीस झाले असते. अठ्ठाविसात दोन-तृतीयांश म्हणजे एकोणीस लागतात. अठरा होते. ठराव पडला असता."

"पण मला विरोध करायचाच नव्हता!"

"बरोबर. म्हणून मंजूर झाला."

बी-३०४ खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो रांगेत उभं राहून आपला नंबर आल्यावर खिडकी बंद होते तेव्हा येतो. अण्णांना त्यांची दया आली असावी, कारण त्यांनी खिशातून डायरी काढली. अण्णांच्या डायरीत पत्ते नसतात, मतमोजण्या असतात. १७ एप्रिल १९९९, लोकसभा, विश्वासदर्शक ठराव, बाजूने २६९, विरोधात २७०. लोकांना त्या दिवशी सरकार पडल्याचं आठवतं. अण्णांना आकडा आठवतो. डायरीत एक पान २९ नोव्हेंबर १९४७ चं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव. तेव्हा सदस्य देश सत्तावन्न. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०, एक देश गैरहजर.

"तिथेही दोन-तृतीयांश लागत होते. मत देणारे शेहेचाळीस, त्याच्या दोन-तृतीयांश एकतीस. तेहतीस झाले, ठराव मंजूर. पण ते दहा देश भागाकारात धरले असते तर छप्पन्नला अडतीस लागले असते. मग तेहतिसांचं काही चाललं नसतं. तटस्थ राहणाऱ्यांत ब्रिटनही होतं. आपला देश विरोधात होता."

"म्हणजे ब्रिटनही माझ्यासारखंच?" बी-३०४ ने विचारलं. थोडं बरं वाटलं असावं.

"त्यांची पार्किंगची अडचण मोठी होती," अण्णा म्हणाले.

अण्णांचं घर हा वेगळाच विषय आहे. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे दोनच सभासद, त्यामुळे प्रत्येक विषयात मतं समान." सहकारी संस्थांच्या कायद्यात मतं समान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. त्या घरात अध्यक्ष काकू आहेत. पण अण्णा तिथेही नोंदीबाबत काटेकोर. ते सांगतात, निर्णायक मत वेगळं लिहायचं. 'बाजूने १५, विरोधात १५, समान मते, अध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर.' सरळ 'बाजूने १६' लिहिलं की एका माणसाने दोनदा हात वर केल्याचा पुरावा नाहीसा होतो. काकूंनी भोपळ्याची भाजी निर्णायक मताने मंजूर केल्याची नोंद त्यांच्या फ्रीजवर मी स्वतः पाहिली आहे.

पडलेल्या ठरावाबद्दल मात्र अण्णा सगळ्यात हळवे. आपल्याकडे 'नामंजूर' हा शब्द लिहायला लोकांना लाज वाटते. ठराव मांडणारा समोर बसलेला असतो, वयाने मोठा असतो, वडे त्याने दिलेले असतात. मग सेक्रेटरी लिहितो, 'विषय विचाराधीन ठेवण्यात आला' किंवा 'पुढील सभेत घेण्यात यावा'. आमच्याकडे दुसऱ्या एका सभेत इमारतीला पिवळा रंग द्यायचा ठराव असाच पडला होता. बाजूने अकरा, विरोधात एकोणीस. मी लिहिलं, 'रंगाबाबत पुन्हा विचार व्हावा असे ठरले.' अण्णांनी ते वाक्य लाल पेनाने इतक्या जोरात खोडलं की मागच्या पानावरचा कोरमही खोडला गेला.

"असं कुठे ठरलं? कोण म्हणालं? सूचक कोण?"

"कोणीच नाही. पण पिवळा नको म्हणाले ना सगळे..."

"पिवळा नको म्हणाले. पांढरा हवा असं म्हणाले का? ठराव पडला म्हणजे तो ठराव पडला, बस. त्याच्या उलटं काही मंजूर होत नाही. 'ठराव नामंजूर, बाजूने ११, विरोधात १९' एवढंच लिहा. भिंती जशा होत्या तशा."

भिंती खरंच जशा होत्या तशा आहेत. पांढऱ्या रंगाचा ठराव मांडायला ए-५०२ उठले होते, पण त्यांना अनुमोदकच मिळाला नाही. अण्णांनी तेही नोंदवून घेतलं, 'अनुमोदक न मिळाल्याने ठराव मतास टाकण्यात आला नाही.' कारण मतास न टाकलेला आणि नामंजूर झालेला, यात फरक आहे. पहिल्याला कुणी नको म्हणालेलं नाही. ए-५०२ त्या वाक्यावर बेहद्द खूश झाले. त्यांना वाटलं आपला ठराव अजून जिवंत आहे.

वर्ष गेलं. पुढची वार्षिक सभा आली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय साधारण चाळीस सेकंदांत संपतो, कारण तेव्हा लोक खुर्च्या लावत असतात. या वेळी बी-३०४ उभे राहिले. वर्षभर त्यांनी या क्षणाची वाट पाहिली असावी, कारण शर्टाला इस्त्री होती.

"माझी सूचना आहे की, मागच्या सभेच्या सातव्या विषयात 'तटस्थ ४' आहे, तिथे 'तटस्थ ३, विरोधात १०' अशी दुरुस्ती करावी. मला तेव्हा विरोधच करायचा होता. मी नीट विचार केलाय."

सभागृहात शांतता. सत्तावीसचे अठ्ठावीस होणार, अठराचा ठराव पडणार, आणि तोवर तीन वर्षांची चिठ्ठी निघून गाड्या आपापल्या जागी लागलेल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे.

अण्णा शेवटच्या रांगेतून उठले. "बी-३०४, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण इतिवृत्त कायम करताना एवढंच बघायचं असतं की त्या दिवशी जे झालं ते तसंच लिहिलंय का. तुम्ही त्या दिवशी हात खाली ठेवला होतात. मी मोजला होता. आज विचार बदलला असेल तर आज नवा ठराव मांडा, चौदा दिवसांची नोटीस देऊन. मागच्या वर्षीचा हात आता वर करता येत नाही."

बी-३०४ बसले. अध्यक्षांनी विचारलं, इतिवृत्त कायम करण्याबाबत सूचक? ए-३०१. अनुमोदक? सी-२०१, परत आले होते, हजेरीवहीत सही केली होती, मी दोनदा पाहिली. बाजूने हात वर करा. मी खोलीतली डोकी मोजून ठेवली होती, एकोणतीस. हात अठ्ठावीस. विरोधात? कुणीही नाही.

मी थांबलो. आणि या वेळी मीच तोंडाने विचारलं, "तटस्थ?"

बी-३०४ ने एकदा समोरच्या घरातल्यांकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. मग हळूच हात वर केला.

"लिहा, सेक्रेटरी," मागून अण्णांचा आवाज आला. "तटस्थ एक."